एक सुई, दोन मापे

जुन्या बाजारात मोडक्या यंत्रांच्या ढिगातून काढलेला एखादा मीटर पुष्कळदा स्वस्तात मिळतो. काच शाबूत असते, सुई हलकेच डुलत असते आणि तबकडीवर शून्यापासून एकपर्यंत खुणा असतात. खाली बारीक अक्षरांत ‘मिलिअँपिअर’ असे लिहिलेले असते. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतील शिक्षक असा मीटर घरी आणतात आणि विचार करतात, की याचाच एक अँपिअरपर्यंत मोजणारा अ‍ॅमीटर करावा, किंवा दहा व्होल्टपर्यंत मोजणारा व्होल्टमीटर करावा. बारावीच्या प्रयोगवहीत याचे सूत्र असते आणि आकडेमोड दोन ओळींत संपते. मात्र त्या सूत्राप्रमाणे केलेला मीटर दहा टक्के चुकीचे माप मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतो, असा अनुभव अनेकांना येतो. चूक कोठून शिरते आणि ती कशी ओळखावी, हे समजण्यासाठी मीटरच्या आतील रचनेपासून आरंभ करणे इष्ट होय.

या मीटरला चलकुंडली मीटर म्हणतात. कायम चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अतिशय बारीक तांब्याच्या तारेची एक चौकोनी कुंडली टांगलेली असते. तारेतून प्रवाह वाहू लागला, की चुंबकामुळे कुंडलीला पीळ बसतो. केसासारखी नाजूक स्प्रिंग तो पीळ अडवते. आणि दोन्ही बले समतोल झाली, की सुई स्थिर होते. १८८२ साली फ्रान्समध्ये देप्रे आणि द’आर्सोनव्हाल यांनी या जातीचे उपकरण सिद्ध केले, आणि पुढे अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याला हाताळता येईल असे सुटसुटीत, टिकाऊ रूप दिले. या रचनेत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की सुईला फक्त कुंडलीतून जाणारा प्रवाह कळतो. बाहेरच्या मंडलात एक अँपिअर वाहतो आहे की दहा व्होल्टचा दाब आहे, याची तिला काहीही वार्ता नसते. मोठ्या प्रवाहाचा एक ठरावीक अंश, किंवा मोठ्या दाबातून निर्माण झालेला एक ठरावीक प्रवाह, तिच्यापर्यंत पोचवणे एवढेच करणाऱ्याच्या हाती असते. तो अंश खरोखरीच ठरावीक राहिला, तर माप बरोबर येते. तो ढळला, तर सुई निमूटपणे चुकीचा आकडा दाखवते.

म्हणून प्रथम मीटरविषयी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, सुई तबकडीच्या टोकास जाण्यासाठी किती प्रवाह लागतो. आणि दुसरी, कुंडलीचा रोध किती आहे. पहिली गोष्ट बहुधा तबकडीवर लिहिलेली असते. दुसरी क्वचितच लिहिलेली असते, आणि ती मोजताना घाई केल्यास कुंडली जळू शकते. दुसऱ्या एखाद्या मीटरचा ओहम मोजण्याचा कप्पा सरळ कुंडलीला जोडणे हा त्या घाईचाच एक प्रकार होय. त्या मीटरमधील सेल कुंडलीतून किती प्रवाह पाठवील याचा भरवसा नसतो, आणि सुईच्या जुन्या धर्तीच्या मीटरांत तो प्रवाह एक मिलिअँपिअरच्या कितीतरी पट असू शकतो.

सुरक्षित रीत अर्ध्या विक्षेपाची आहे. नऊ व्होल्टची बॅटरी घ्यावी. तिच्या ओळीत ६,८०० ओहमचा एक स्थिर रोध आणि ५,००० ओहमपर्यंत बदलता येणारा एक रोध जोडावा, आणि मग मीटर जोडावा. बदलता रोध आरंभी पूर्ण ठेवावा. तो सावकाश कमी करीत सुई बरोबर टोकाच्या खुणेवर आणावी. आता त्यास हात न लावता मीटरच्या दोन टोकांमध्ये दुसरा एक लहान बदलता रोध समांतर जोडावा व तो अशा बेताने फिरवावा, की सुई अर्ध्यावर येईल. प्रवाहाचा निम्मा भाग आता या नव्या वाटेने जात आहे. म्हणून त्या वाटेचा रोध कुंडलीच्या रोधाइतकाच असला पाहिजे. तो रोध सोडवून घेऊन कोणत्याही ओहममापकाने निर्धास्त मोजता येतो.

या रीतीत एक लहानशी त्रुटी आहे. समांतर वाट मिळाल्यामुळे एकूण रोध थोडा घटतो आणि बॅटरीतून येणारा प्रवाह किंचित वाढतो. समजा, कुंडलीचा रोध १०० ओहम आहे व ओळीतील रोध ८,९०० ओहम आहे. तर अर्ध्या विक्षेपाला समांतर रोध १०० नव्हे, ९८.९ ओहम भरेल. चूक साधारण एक टक्क्याची आहे व ती नेहमी कमीच्या बाजूस असते. ओळीतील रोध कुंडलीच्या मानाने जितका मोठा, तितकी ही चूक लहान होते. म्हणूनच येथे दीड व्होल्टच्या सेलऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी घेतली.

समजा, शिक्षकांच्या मीटरची कुंडली अशा रीतीने १०० ओहमची ठरली आणि टोकाचा प्रवाह एक मिलिअँपिअर आहे. म्हणजे सुई टोकास असताना कुंडलीच्या दोन टोकांमधील दाब एक दशांश व्होल्ट असतो. एक अँपिअरचा अ‍ॅमीटर करायचा, तर एका अँपिअरच्या हजार भागांपैकी एकच भाग कुंडलीतून जावा आणि उरलेले ९९९ भाग दुसऱ्या वाटेने निघून जावेत, अशी व्यवस्था हवी. ही दुसरी वाट म्हणजे शंट. नदीचे पाणी नदीतून वाहते आणि मोजणीपुरते थोडे पाणी बाजूच्या पाटात शिरते, तसाच हा प्रकार. शंट ही नदी आणि कुंडली हा पाट होय. शंटमधून ०.९९९ अँपिअर जात असताना त्याच्या टोकांमधील दाबही एक दशांश व्होल्टच असला पाहिजे. म्हणून त्याचा रोध ०.१ भागिले ०.९९९, म्हणजे ०.१००१ ओहम असावा.

इतका लहान रोध दुकानात नेमका मिळणे कठीण, म्हणून तो तारेचा करावा लागतो. मँगॅनिन या मिश्रधातूची एक मिलिमीटर व्यासाची तार घेतली, तर सुमारे अठरा सेंटिमीटर लांबीत हा रोध भरतो. एका अँपिअरला तिच्यात केवळ एक दशांश वॉट उष्णता निर्माण होते, त्यामुळे ती तापण्याचे भय नाही. लांबी हिशेबाने कापून मोकळे व्हावे, असा मोह येथे होतो. परंतु तारेचा व्यास छापील आकड्याहून किंचित वेगळा असतो, आणि व्यासातील दोन टक्क्यांचा फरक रोधात चार टक्क्यांचा होतो. म्हणून तार पंचवीस सेंटिमीटरची घ्यावी आणि शेवटची जुळणी प्रत्यक्ष प्रवाहावर करावी.

सूत्रात न दिसणारी अडचण याच ठिकाणी उभी राहते. शंटचा रोध ओहमचा दहावा भाग आहे. स्क्रूखाली दाबलेल्या मळक्या तारेचा सांधा सहज ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध आणू शकतो. मीटरच्या दोन टोकांच्या स्क्रूंवर शंटची तार अडकवली आणि बाहेरच्या मंडलाच्या ताराही त्याच स्क्रूंवर आणल्या, तर शंट आणि स्क्रू यांच्यामधील सांधा शंटचाच भाग बनतो. शंट आता ०.१००१ नव्हे, ०.११०१ ओहमचा झाला. खरा प्रवाह एक अँपिअर असला, तरी कुंडलीतून जवळजवळ १.१ मिलिअँपिअर जाईल आणि सुई दहा टक्के अधिक दाखवेल.

तोच सांधा शंट आणि कुंडली यांना जोडणाऱ्या बारीक तारेत असता, तर काय झाले असते? कुंडलीच्या वाटेचा रोध १०० ऐवजी १००.०१ ओहम झाला असता आणि चूक एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे न दिसण्याजोगी राहिली असती. सांधा तोच, त्याचा मळही तोच. पण एका जागी तो माप बिघडवतो आणि दुसऱ्या जागी निरुपद्रवी ठरतो. यावरून जोडणीचा नियम निघतो. मोठ्या प्रवाहाच्या तारा शंटच्या बाहेरच्या टोकांना जोडाव्यात, आणि मीटरकडे जाणाऱ्या बारीक तारा त्या टोकांपासून थोड्या आत, शंटच्या अंगावरच सोल्डर कराव्यात. अशा शंटला चार टोके होतात. कारखान्यात बनलेल्या मोठ्या शंटच्या ठोकळ्यांवर दोन जाड बोल्ट आणि दोन लहान स्क्रू वेगवेगळे दिसतात, त्याचे कारण हेच होय.

जुळणीही याच बारीक तारांनी होते. खात्रीचा दुसरा अ‍ॅमीटर ओळीत ठेवून मंडलात अर्धा अँपिअर सोडावा. मीटरच्या बारीक तारा आरंभी शंटवर एकमेकींजवळ, दहा सेंटिमीटरच्या अंतराने टेकवाव्यात. सुई अपेक्षेपेक्षा कमी दाखवील. मग तारांमधील अंतर हळूहळू वाढवीत न्यावे आणि सुई अर्ध्यावर आली, की तेथे सोल्डर करावे. सोल्डर थंड झाल्यावर पुन्हा पाहावे, कारण गरम तारेवर घेतलेले माप विश्वसनीय नसते. या रीतीत तार हातातून निसटली, तरी सुई शून्यावर येते. मीटरला इजा होत नाही.

उलट बारीक तारा शंटवर तशाच राहून शंटच त्यांच्या मधोमध तुटला, तर मात्र मीटर वाचत नाही. नदी अडवली, की सगळे पाणी पाटात घुसते. बाहेरचे मंडल आपला सगळा प्रवाह एक मिलिअँपिअरसाठी घडवलेल्या कुंडलीतून लोटू पाहते. सुई खाडकन टोकावर आदळते आणि केसासारख्या तारा क्षणात जळून जातात. म्हणून शंट नेहमी मुख्य मंडलाच्या ओळीत प्रथम पक्का बसवावा व मीटर त्यावर शेवटी जोडावा. सोडवताना मीटर आधी सोडवावा.

सांधे नीट झाले, जुळणी झाली, आणि तरीही काही महिन्यांनी माप चुकू लागले, तर दोष ऋतूचा असू शकतो. कुंडली तांब्याची असते, आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वीस अंशांना जुळवलेला मीटर चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वापरला, तर १०० ओहमची कुंडली १०८ ओहमची होते. शंट मात्र मँगॅनिनचा आहे. तांबे, मँगनीज आणि थोडे निकेल यांचे हे मिश्रण वेस्टन यांनीच १८९२ च्या सुमारास तयार केले; त्याचा रोध उन्हाळ्या-हिवाळ्यात जवळजवळ बदलत नाही. परिणामी पाटाची वाट अरुंद झाली आणि नदी तशीच राहिली. कुंडलीच्या वाट्याला कमी प्रवाह येतो व एका अँपिअरच्या जागी सुई ०.९३ दाखवते. नागपूरच्या जानेवारीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांच्यातील अंतर वीस अंशांहूनही अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक कागदावरचीच नाही हे पटेल.

तिच्यावर उपाय आहे, पण तो फुकट नाही. कुंडलीच्या ओळीत मँगॅनिनचा ३०० ओहमचा रोध घालावा. आता त्या वाटेचा एकूण रोध ४०० ओहम झाला. त्यात तांब्यामुळे होणारी आठ ओहमची वाढ दोनच टक्के ठरते. परंतु सुई टोकास नेण्यासाठी आता ०.४ व्होल्ट लागतात, आणि शंटही ०.४००४ ओहमचा करावा लागतो. म्हणजे अ‍ॅमीटर ज्या मंडलात बसेल, तेथे तो चौपट अडथळा करील. दीड व्होल्टचा सेल दीड ओहमच्या रोधाला एक अँपिअर देत असेल, तर पहिल्या अ‍ॅमीटरने तो प्रवाह ०.९४ अँपिअरवर येईल, दुसऱ्याने ०.७९ अँपिअरवर. दोन्ही मीटर आपापल्या परीने खरेच बोलतील, पण मंडल पूर्वीचे राहिलेले नसेल. बारा व्होल्टच्या बॅटरीवर मात्र ०.४ व्होल्टची झीज फारशी जाणवणार नाही. तेथे हा उपाय अवश्य करावा. नव्या मीटरमध्ये असा रोध कारखान्यातच घातलेला असू शकतो. मीटर थोडा उबदार करून त्याचा रोध पुन्हा मोजला आणि तो फारसा वाढला नाही, तर तसे समजावे.

चुकीच्या दिशेवरून तिचे कारण ओळखता येते, ही येथे सोयीची गोष्ट आहे. शंटचा सैल सांधा नेहमी प्रवाह अधिक दाखवतो, आणि तो स्क्रूवर बोट दाबताच सुई हलवतो. तापलेली कुंडली नेहमी कमी दाखवते, आणि तिची सुई स्थिर असते.

आता त्याच मीटरचा व्होल्टमीटर करावयाचा. येथे वाटणीचा प्रश्न नाही, अडवणुकीचा आहे. दहा व्होल्ट लावले असता बरोबर एक मिलिअँपिअर जावा, म्हणून एकूण रोध १०,००० ओहम हवा. त्यांपैकी १०० ओहम कुंडलीचे; उरलेले ९,९०० ओहम ओळीत घालावयाचे. यास गुणक रोध म्हणतात. एक टक्का अचूकतेचे ९,१०० आणि ८२० ओहमचे दोन रोध ओळीत जोडले, की ९,९२० ओहम होतात. ही वाढ ०.२ टक्क्यांची आहे व साध्या मीटरच्या स्वतःच्या अचूकतेपुढे ती नगण्य होय.

अ‍ॅमीटरला छळणारे दोन्ही शत्रू येथे निष्प्रभ होतात. सांध्याचा शंभरावा भाग ओहम दहा हजारांत हरवून जातो. उन्हाळ्याने वाढलेले कुंडलीचे आठ ओहम म्हणजे हजारात एक भागही नव्हे. गुणक रोध तुटला, तरी कुंडली जळत नाही. सुई फक्त शून्यावर जाते. एवढ्यावरून व्होल्टमीटर करणे सोपे असे वाटेल. तथापि त्याची चूक मीटरच्या आत नसून तो जेथे लावला जातो तेथे असते.

दहा व्होल्टच्या दाबावर दहा-दहा हजार ओहमचे दोन रोध ओळीत जोडले आहेत असे समजू. प्रत्येकावर पाच व्होल्ट असले पाहिजेत. त्यांपैकी एकावर हा व्होल्टमीटर लावला, की सुई ३.३ व्होल्ट दाखवते. मीटर अचूक आहे. पण तो स्वतःच दहा हजार ओहमचा आहे. तो त्या रोधाला समांतर बसताच दोघांचा मिळून पाच हजार ओहमचा रोध झाला, आणि त्याच्या वाट्याला दाबाचा एक तृतीयांशच आला. हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. त्याच मीटरला पन्नास व्होल्टपर्यंतचा दुसरा टप्पा करावा. त्यासाठी गुणक रोध ४९,९०० ओहमचा लागतो. त्या टप्प्यावर तेच माप घेतले, तर सुई ४.५ व्होल्टच्या आसपास थांबेल. खरा दाब दोन्ही टप्प्यांवर सारखाच दिसला पाहिजे. टप्पा बदलताच माप बदलत असेल, तर मीटर मोजावयाच्या वस्तूलाच वाकवीत आहे असे समजावे, आणि मोठ्या टप्प्याचे माप सत्याच्या अधिक जवळचे मानावे. बॅटरीवर किंवा जाड तारांच्या मंडलावर दोन्ही मापे जुळतील. तेथे या मीटरवर विसंबण्यास हरकत नाही.

शेवटी एक मर्यादा अशी आहे, की तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास प्रश्न मापाचा न राहता जिवाचा होतो. चलकुंडली मीटर एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे. घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. कुंडलीवरील पीळ प्रत्येक आवर्तनात एकदा पुढे आणि एकदा मागे येतो, आणि जड सुई त्याच्या मागे धावू न शकल्याने शून्यावरच थांबते, फार तर थोडी थरथरते. गुणक रोध कितीही मोठा घातला, तरी असा मीटर घरच्या विजेच्या तारांवर ‘शून्य’ दाखवील. तुटलेला गुणक रोधही शून्यच दाखवतो. या दोन्ही शून्यांचा अर्थ ‘येथे वीज नाही’ असा होत नाही. म्हणून शिक्षकांनी तयार झालेल्या मीटरच्या पाठीवर दोन गोष्टी ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात. पहिली, ‘फक्त एकदिश प्रवाहासाठी’. दुसरी, मीटरचा एकूण रोध. व्होल्टमीटरवर ‘१०,००० ओहम’ आणि अ‍ॅमीटरवर ‘०.१ ओहम’. पुढे तो मीटर हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुईने दाखवलेल्या आकड्यावर कोठे विश्वास ठेवावा आणि कोठे ठेवू नये, हे त्या दोन ओळींवरून ठरवता येईल.